क्लिक चढत असताना

इंदापूर तालुक्यातल्या रोपवाटिकेची जाहिरात आता भिंतीपेक्षा मोबाईलवर जास्त भेटते. पेरूचा हंगाम जवळ आला की भिगवणपासून बावड्यापर्यंत कुणीही फेसबुक उघडलं, तर गुलाबी गराच्या तैवान पेरूचा कापलेला फोटो, खाली "रोपं उपलब्ध" ही ओळ आणि व्हॉट्सअॅपचं हिरवं बटण समोर येतं. बारामतीत हेच डाळिंबाच्या कलमांचं, पशुखाद्याचं, ठिबकच्या नळ्यांचं आणि स्पर्धा परीक्षेच्या क्लासचं. जानेवारीत शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आवारात ‘कृषिक’ प्रदर्शन भरतं, तेव्हा तर या जाहिरातींची दाटी होते. रोज चारपाचशे रुपये लावून "पोस्ट बूस्ट केली" म्हणणारे दुकानदार आता गावोगाव आहेत.

त्यातले बहुतेक जण संध्याकाळी दोन आकडे बघतात: किती लोकांना जाहिरात दिसली आणि किती जणांनी क्लिक केलं. क्लिक वाढले की जाहिरात चालली, असा सरळ हिशेब. पण जाहिरात बिघडायला लागते तेव्हा सुरुवातीचे काही दिवस क्लिकचा आकडा खाली येत नाही, उलट वर चढतो. ज्या गोष्टीने सावध व्हायचं, तीच यशासारखी दिसते. बिघाडाची पहिली खूण जाहिरातीखालच्या कमेंटमध्ये आणि ती जाहिरात गुपचूप नजरेआड करणाऱ्यांच्या बोटांत असते.

क्लिक कसे मोजले जातात, ते पाहिलं की याचं कारण कळतं. मेटाच्या जाहिरात खात्यात क्लिकचे दोन वेगवेगळे रकाने असतात. `Link clicks` म्हणजे जाहिरातीतून पुढे, वेबसाइटवर किंवा व्हॉट्सअॅपवर नेणारे क्लिक. `Clicks (all)` मध्ये मात्र सगळंच येतं: फोटो मोठा करून बघणं, "आणखी वाचा" दाबणं, अंगठा देणं, रागाचा चेहरा देणं, कमेंट लिहिणं. म्हणजे कुणी "मागच्या वर्षीची निम्मी रोपं मेली, पैसे परत कधी देणार?" असं लिहिलं, तर या रकान्यात भर पडते. ती कमेंट वाचून दुसरा तावातावाने काही लिहितो, आणखी भर पडते. तिसऱ्याने नुसता संतापी चेहरा दाबला तरी आकडा वाढतो. भांडण जितकं रंगेल तितका हा रकाना फुगतो, आणि ‘एंगेजमेंट’ नावाचा आकडाही.

एका काल्पनिक रोपवाटिकेचा हिशेब मांडून बघू. आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत, पण वळण असंच असतं.

समजा, इंदापूरच्या आसपास चाळीस किलोमीटरच्या परिघात रोज 500 रुपये लावून पेरूच्या रोपांची जाहिरात सुरू आहे. पहिले तीन दिवस ती रोज साधारण 8,000 वेळा दिसते. दिवसाला सगळ्या प्रकारचे मिळून 240 क्लिक होतात, त्यातले 120 व्हॉट्सअॅपकडे नेणारे. प्रत्यक्ष बोलणं सुरू करतात 30 जण. म्हणजे एका चौकशीला सुमारे 17 रुपये पडले. कमेंट दिवसाला वीसेक, बहुतेक "भाव काय?", "दौंडला पोच मिळेल का?" अशा. नाराजीच्या दोन.

चौथ्या दिवशी कुणीतरी लिहितं की गेल्या पावसाळ्यात इथून नेलेली रोपं तैवान पिंकची निघालीच नाहीत, गर पांढरा आला. त्याखाली दुसरा आपल्या बागेचा फोटो टाकतो. तिसरा म्हणतो, फोन केला तर उचलत नाहीत. पाचव्या दिवशी जाहिरात 8,000 वेळाच दिसली, पण सगळे क्लिक 240 वरून 320 झाले. व्हॉट्सअॅपकडे जाणारे क्लिक 120 वरून 112 वर आले आणि बोलणी 30 वरून 28 वर. कमेंट 45, त्यातल्या 15 तक्रारीच्या. खातं उघडणाऱ्या मालकाला काय दिसतं? क्लिकचं प्रमाण तीन टक्क्यांवरून चार टक्के, कमेंट दुपटीहून जास्त, आणि चौकशीचा खर्च जवळपास तेवढाच. तो खूश होऊन रोजचा खर्च 1,000 रुपये करतो.

सातव्या दिवशी दुप्पट पैशांत जाहिरात 16,000 वेळा दिसायला हवी होती, ती 12,000 वेळा दिसली. बोलणी सुरू करणारे पुन्हा 30च. एका चौकशीचा खर्च 33 रुपयांवर गेला. खर्च एकदम वाढवला की जाहिरात दाखवण्याचा दर थोडा चढतोच, त्यामुळे सगळं खापर कमेंटवर फोडणं बरोबर नाही. पण त्याच सुमारास जाहिरातीच्या दर्जाच्या रकान्यात "सरासरीपेक्षा कमी, तळातल्या 20 टक्क्यांत" असा शेरा दिसू लागला, तर गोष्ट नुसत्या दराची राहत नाही. पंधरा तक्रारी पाचव्या दिवशीच समोर होत्या, आणि व्हॉट्सअॅपकडे जाणाऱ्या क्लिकची किंचित घट त्यांच्याशी जुळत होती. पैशांचा आकडा बोलला तो दोन दिवसांनी.

दर का चढला, हे समजून घ्यायला हवं, कारण इथेच नाराजीचं रूपांतर रुपयांत होतं. प्रत्येक वेळी जाहिरात दाखवायची जागा रिकामी झाली की मेटा त्या क्षणी एक लिलाव करतं. त्यात नुसती बोली मोजत नाहीत. बोली, समोरचा माणूस हवी ती कृती करील याचा अंदाज, आणि जाहिरातीचा दर्जा, या तिन्हींतून एक किंमत काढली जाते. दर्जा ठरवताना लोकांनी ती जाहिरात लपवली का, तिच्याविरुद्ध तक्रार केली का, हे धरलं जातं. लपवणारे वाढले की तीच जागा मिळवायला जास्त पैसे मोजावे लागतात.

पूर्वी, 2015 पासून, प्रत्येक जाहिरातीला एक ते दहापैकी गुण मिळायचे आणि सोबत चांगला प्रतिसाद व वाईट प्रतिसाद कमी, मध्यम की जास्त, तेही दिसायचं. 2019 मध्ये ती पद्धत बंद होऊन तीन क्रमवाऱ्या आल्या: दर्जा, प्रतिसाद आणि पुढची कृती. त्याच गिऱ्हाइकांसाठी झगडणाऱ्या इतर जाहिरातींशी तुलना करून "सरासरीपेक्षा वर", "सरासरी" किंवा "सरासरीपेक्षा खाली" असा शेरा येतो, आणि खालच्यांना तळातले 35, 20 की 10 टक्के तेही सांगितलं जातं. जाहिरात किमान 500 वेळा दिसल्याशिवाय हा शेरा उमटत नाही. नेमकं किती जणांनी जाहिरात लपवली, हा आकडा दुकानदाराच्या रोजच्या तक्त्यात नसतो. म्हणून `Quality ranking` हा रकाना तक्त्यात मुद्दाम जोडून घ्यावा लागतो. प्रतिसादाची क्रमवारी वर आणि दर्जाची खाली, असं दिसलं की समजायचं, लोक बोलताहेत, पण चांगलं बोलत नाहीत.

रागालाही प्रतिसाद समजण्याची चूक खुद्द फेसबुकने केली होती. 2016 मध्ये अंगठ्याच्या जोडीला प्रेम, हसू, राग असे चेहरे आले. 2017 मध्ये या चेहऱ्यांना साध्या अंगठ्याच्या पाचपट वजन दिलं गेलं, म्हणजे लोकांना संताप आणणारी पोस्ट पाचपट जोराने वर ढकलली जाऊ लागली. कंपनीतल्याच अभ्यासकांनी धोका दाखवल्यावर हे वजन टप्प्याटप्प्याने उतरवलं आणि सप्टेंबर 2020 मध्ये रागाच्या चेहऱ्याचं वजन शून्यावर आणलं. ही माहिती 2021 मध्ये बाहेर आलेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून जगाला कळली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे उमगायला तीन वर्षं लागली, ते इंदापूरच्या दुकानदाराला तक्ता नुसता बघून उमगणार नाही. त्याला कमेंट वाचाव्याच लागतील.

आणि तालुक्याच्या ठिकाणी कमेंटचं वजन शहरापेक्षा जास्त असतं. चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात तीच माणसं तीच जाहिरात पुन्हा पुन्हा बघतात. रोपवाटिकेचा मालक कुणाचा पाहुणा, कुणाचा साखर कारखान्यातला ओळखीचा. अशा ठिकाणी नावानिशी उघड तक्रार लिहायला माणूस सहज धजत नाही. भिडेखातर तो गप्प राहतो आणि तीन टिंबांवर बोट ठेवून जाहिरात लपवतो. त्यामुळे इथे एकाने उघड लिहिलं, तर त्याच्यामागे न लिहिणारे बरेच असतील, असं धरून चालणं शहाणपणाचं आहे.

घाबरलेले मालक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे कमेंट दडवणं. फेसबुकवर पेजमालकाने एखादी कमेंट दडवली, तर ती बाकीच्यांना दिसेनाशी होते, पण लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रयादीतल्या लोकांना दिसतच राहते. एकाच गावातल्या माणसाच्या मित्रयादीत कोण असणार? शेजारचे बागायतदार, सोसायटीतले सभासद, पाव्हणेरावळे. म्हणजे ज्यांनी वाचू नये असं वाटतं, तेच ती वाचत राहतात आणि फक्त मालकाला आपण निस्तरल्याचं समाधान मिळतं. शिव्या, धमक्या, कुणाचा फोन नंबर किंवा जातीवरून बोलणं असेल तर कमेंट काढलीच पाहिजे. रोपाच्या तक्रारीला मात्र त्याच जागी, सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं.

आणखी एक घोळ वारंवार होतो. पेजवरची पोस्ट बूस्ट न करता जाहिरात खात्यातून नवी जाहिरात तयार केली, तर ती पेजच्या भिंतीवर येत नाही. ती फक्त ज्यांना दाखवायची त्यांनाच दिसते आणि तिच्या कमेंटही तिच्याखालीच साचतात. मालक पेज उघडून बघतो, तिथे सगळं शांत असतं. तिकडे जाहिरातीखाली चाळीस माणसं आपापसांत बोलत असतात. एकाच मजकुराच्या चार जाहिराती वेगवेगळ्या गटांसाठी केल्या, तर चार ठिकाणी चार चर्चा चालतात. प्रत्येकीचा दुवा उघडून वाचल्याशिवाय हे कळत नाही, आणि जाहिरात चालवणाऱ्या एजन्सीला हे वाचायला सांगितलेलं नसेल तर ती सहसा वाचत नाही. तिचा हिशेब क्लिकवर ठरलेला असतो.

वाचायचं म्हणजे नेमकं काय? एक वही पुरते. पहिल्या चोवीस तासांतल्या कमेंट एकेक वाचून त्यांची वाटणी करायची: विचारणा, कौतुक, मालाची किंवा सेवेची तक्रार, जाहिरातीतल्या दाव्यावर अविश्वास, आणि विषयाशी संबंध नसलेलं. कमेंटपेक्षा माणसं मोजायची, कारण एकच संतापलेला गिऱ्हाईक दहा वेळा लिहू शकतो. वीस कमेंटांत दोनच्या तीन तक्रारी झाल्या तर त्यातून काही काढता येत नाही, तेवढा चढउतार होतच असतो. पण तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच तक्रार तपशिलासह केली, म्हणजे कधी नेलं, कोणत्या गावात लावलं, काय निघालं, तर टक्केवारीची वाट बघायची गरज नाही. जाहिरात थांबवून आधी रोपांच्या मातृझाडाची चौकशी करायला हवी.

"भाव काय?" ही विचारणाही नीट बघण्यासारखी आहे. ती नाराजी नव्हे. पण तिला "इनबॉक्स बघा" असं एकसारखं उत्तर मिळत राहिलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी "भाव लपवता कशाला?" अशा कमेंट सुरू होतात. विचारणेचं तक्रारीत होणारं हे रूपांतर सगळ्यांत स्वस्तात थांबवता येतं. जाहिरातीतच रोपाचा भाव, किमान किती रोपं घ्यावी लागतील आणि मर झाली तर बदलून मिळतील की नाही, हे लिहिलं की काम होतं.

हजारो कमेंट असतील तर वही पुरत नाही आणि मग यंत्राकडून भावना ओळखून घेण्याचा विचार येतो. त्यातही पुण्याचं काम मोलाचं आहे. पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब या गटाने 2021 मध्ये सुमारे 16 हजार मराठी ट्वीट चांगलं, वाईट, तटस्थ अशा खुणा करून सर्वांसाठी खुली केली. मराठीत एवढ्या आकाराचा असा साठा त्याआधी नव्हता. पुढे त्याच गटाने मराठीतला द्वेष ओळखण्यासाठी आणि मराठी-इंग्रजी मिसळीच्या लेखनासाठीही साठे तयार केले. पण ट्वीटवर शिकलेलं यंत्र इंदापूरच्या जाहिरातीखाली अडखळेल. इथे लोक मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात, एकाच शब्दाची चार स्पेलिंगं असतात. आणि "लय भारी रोपं, सगळी चुलीत घातली" या वाक्यात ‘लय भारी’ बघून यंत्राने कौतुकाची खूण केली तर नवल नाही. म्हणून यंत्राने गाळून दिलेल्यातल्या शंभरेक कमेंट माणसाने स्वतः वाचून पडताळायला हव्यात, त्याही या भागातली बोली कळणाऱ्या माणसाने.

नाराजी दिसली म्हणजे ती खरीच, असंही नाही. 2019च्या होळीआधी सर्फ एक्सेलची एक जाहिरात आली. मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान युनिलिव्हरची ही जाहिरात: एक लहान मुलगी गल्लीतल्या पोरांचे सगळे रंग स्वतःवर झेलते आणि पांढऱ्या कपड्यांतल्या मुसलमान मित्राला सायकलवरून मशिदीपर्यंत पोचवते. मार्चमध्ये तिच्यावर बहिष्काराची हाक दिली गेली. त्या लाटेत अनेकांनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल या अॅपला एक तारा देऊन राग काढला. धुण्याच्या पावडरीचा राग हिशेबाच्या अॅपवर निघाला. लिहिणाऱ्यांनी जाहिरात पाहिली होती की नुसती हाक ऐकली होती, याबद्दल तेवढ्यावरून शंका यावी. कंपनीने जाहिरात मागे घेतली नाही.

दीड वर्षाने तनिष्कने ‘एकत्वम्’ दागिन्यांची जाहिरात काढली. मुसलमान सासर आपल्या हिंदू सुनेचं डोहाळजेवण करतं, असा विषय. ऑक्टोबर 2020च्या दुसऱ्या आठवड्यात ती आली, यूट्यूबवरच्या कमेंट आणि पसंती-नापसंती आधी बंद करण्यात आल्या, आणि 13 तारखेला ती मागे घेतली गेली. कर्मचारी, भागीदार आणि दुकानातल्या माणसांच्या सुरक्षिततेचा विचार केल्याचं कंपनीने सांगितलं. दोन्ही जाहिरातींचा आशय सलोख्याचा होता आणि दोन्हींखालचा राग एकाच जातीचा. एका कंपनीने तो सोसला, दुसरीने माघार घेतली. कमेंटमधली नाराजी धोका आहे एवढंच सांगते. काय करायचं, ते त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. तनिष्कच्या बाबतीत कमेंट बंद करण्यात आणखी एक तोटा होता. राग शमत नाही आणि तो किती वाढतोय हे मोजायची खिडकीही बंद होते.

याउलट जून 2023 मधलं झोमॅटोचं उदाहरण. पर्यावरण दिनाला आलेल्या जाहिरातीत ‘लगान’ चित्रपटातल्या कचरा या दलित पात्राचा नट कधी दिवा, कधी टेबल, कधी कुंडी बनून दाखवला होता, टाकाऊ प्लॅस्टिक पुन्हा वापरता येतं हे सांगायला. ‘मसान’चे दिग्दर्शक नीरज घायवान यांच्यासह अनेकांनी ती अमानुष असल्याचं सांगितलं आणि काही दिवसांत कंपनीने ती काढून टाकली. इथे तक्रारी जाहिरातीत जे दाखवलं त्यावरच, तपशिलाने बोट ठेवत होत्या आणि त्या रास्त होत्या. एका माणसाला कचऱ्याच्या जागी उभं करू नये, हे कळायला क्लिकचं कोणतंही प्रमाण उपयोगाचं नव्हतं.

या तिन्हींतून रोपवाटिकेसारख्या छोट्या धंद्याला एक ओळखण्याची रीत मिळते. नाराजी लिहिणारे आपल्याच परिघातले आहेत का, ते माल किंवा जाहिरातीतलीच गोष्ट बोलतात का, की बाहेरून आलेले अनोळखी लोक एकच वाक्य चिकटवत सुटले आहेत? पहिल्या प्रकारात जाहिरात थांबवून दुरुस्ती करायची. दुसऱ्या प्रकारात आपली बाजू एकदा शांतपणे लिहायची, कर्मचाऱ्यांची काळजी घ्यायची आणि लाट ओसरेपर्यंत खर्च वाढवायचा नाही.

व्हॉट्सअॅपवर तर ही नाराजी जास्त उघडी असते. मोठ्या प्रमाणावर संदेश पाठवणाऱ्या धंद्यांसाठीच्या व्यवस्थेत प्रत्येक नंबरला हिरवा, पिवळा किंवा लाल दर्जा मिळतो. गेल्या सात दिवसांत किती लोकांनी तो नंबर ब्लॉक केला, किती जणांनी तक्रार केली, त्यावर तो मुख्यतः ठरतो. एखाद्या ठरावीक मजकुराबद्दल वाईट प्रतिसाद येत राहिला तर तो पहिल्यांदा तीन तास आणि दुसऱ्यांदा सहा तास अडवला जातो, तिसऱ्यांदा कायमचा बंद होतो. ज्यांनी फेसबुकवरून "भाव काय?" विचारलं, त्या सगळ्यांना महिनाभर रोज रोपांचे फोटो पाठवले, तर हिरव्याचा लाल व्हायला वेळ लागत नाही. साध्या मोबाईलवरच्या बिझनेस अॅपला हे रंग दिसत नाहीत, पण ब्लॉक करणारे तिथेही असतात.

येत्या हंगामात जाहिरात लावणाऱ्या इंदापूर-बारामतीच्या रोपवाटिकावाल्यांना, दुकानदारांना आणि क्लासवाल्यांना एवढीच विनंती आहे: खर्च वाढवण्याआधी प्रत्येक जाहिरातीचा दुवा उघडून तिच्याखालच्या कमेंट स्वतः वाचा, आणि ज्याची रोपं मेली त्याला सगळ्यांसमोर उत्तर द्या.